नाव नसलेल्या रेकॉर्डिंगची तारीख फाइलमधून कशी शोधायची: काकड्याच्या संग्रहाचं उदाहरण

भजनी मंडळाच्या कुणीतरी हार्ड डिस्क आणून दिलेली असते. तिच्यात काही वर्षांचा काकडा, सप्ताहातली कीर्तनं, मधेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा व्हिडिओ. नावं `REC0014.WAV`, `VID_20191108_051204.mp4`, `PTT-20191109-WA0007.opus` अशी. मग बहुतेक जण विंडोजमध्ये "डेट क्रिएटेड"वर क्लिक करतात, फाइली ओळीने लावतात आणि वर्षावर्षांचे फोल्डर पाडून मोकळे होतात. ती तारीख रेकॉर्डिंगची नसते. फाइल त्या डिस्कवर कॉपी झाली त्या दिवसाची असते.

फाइलच्या पोटात वेगळी तारीख असते, पण तीही जशीच्या तशी घेता येत नाही. ती कोणत्या घड्याळाची, कोणत्या देशाच्या वेळेची आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची की शेवटची, हे आधी ठरवावं लागतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. विशेषतः आधी उपकरण आणि मग तारीख, हा क्रम.

## १. तयारी: आधी प्रत, मग हात

मूळ डिस्कवर काम करायचं नाही. माउसने ओढून कॉपी केली तर फाइलींची "मॉडिफाइड" तारीख टिकते, पण फोल्डरांच्या तारखा जातात. मोठा संग्रह असेल तर विंडोजमध्ये ही आज्ञा द्या:

```
robocopy E:\ D:\kakada /E /DCOPY:DAT /A-:SH /XD "System Volume Information" /R:1 /W:1
```

मॅक किंवा लिनक्सवर `rsync -a` पुरेसं आहे. ईमेल, ड्राइव्ह किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फाइली मागवू नका. शक्य असेल तर मेमरी कार्डच मागा, कारण त्यावरची "मॉडिफाइड" तारीख कधी कधी हाती उरलेला एकमेव धागा असते.

फाइलींची नावंही आत्ता बदलायची नाहीत. `VID_20191108_051204` हे कुणी हाताने दिलेलं नाव नाही. फोनने दिलेली ती तारीख आणि वेळ आहे आणि पुढे पडताळणीला लागणार आहे. गाणी वाजवण्याच्या ज्या सॉफ्टवेअरना "लायब्ररी" करून टॅग भरायची सवय असते, त्यांत हा फोल्डर उघडू नका.

तपासा: मूळ डिस्कवरची आणि प्रतीतली फाइलींची संख्या सारखी आहे का? कोणत्याही पाच फाइलींची "मॉडिफाइड" तारीख दोन्हीकडे जुळते का?

## २. सगळ्यांची एक यादी

एकेक फाइल उघडून बघत बसू नका. `ExifTool` हे मोफत साधन फोटोंसाठी प्रसिद्ध असलं तरी ध्वनी आणि व्हिडिओही नीट वाचतं. एका आज्ञेत सगळ्या फोल्डरची यादी निघते:

```
exiftool -r -ext "*" -csv -G1 -a -time:all -Make -Model -Software -Encoder -Originator -AndroidVersion -Duration# D:\kakada > yadi.csv
```

यातलं `-G1` महत्त्वाचं आहे. प्रत्येक तारखेपुढे ती कुठून आली ते त्यामुळे दिसतं: `System:` म्हणजे डिस्कने सांगितलेली तारीख, `QuickTime:` म्हणजे एमपीफोर किंवा एमफोरए फाइलच्या आतली, `RIFF:` म्हणजे वेव्ह फाइलच्या आतली. हे लेबल नसेल तर पाच तारखा शेजारी शेजारी येतात आणि कोणती कशाची तेच कळत नाही. `-ext "*"` वगळलंत तर साधनाला न ओळखता येणाऱ्या फाइली, उदाहरणार्थ जुन्या फोनच्या `.amr`, यादीतून गुपचूप गळतात.

कमांडची भीती वाटत असेल तर `MediaInfo` एकेका फाइलसाठी बरं आहे. त्यात `Encoded date` ही ओळ बघायची.

सावधान: विंडोजवर फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर ही आज्ञा अडखळू शकते. प्रतीच्या फोल्डरला साधं रोमन नाव द्या. आतल्या फाइलींना मात्र हात लावू नका.

तपासा: यादीतल्या ओळी आणि फोल्डरमधल्या फाइली सारख्याच भरतात ना?

## ३. आधी उपकरण

आता यादी तारखेने लावण्याचा मोह होईल, तो आवरा. आधी प्रत्येक फाइल कोणत्या यंत्राची आहे ते ठरवा आणि यादीत "उपकरण" असा रकाना वाढवा. कारण सोपं आहे. चूक फाइलीची नसते, घड्याळाची असते. एका रेकॉर्डरचं घड्याळ चुकलं असेल तर त्याच्या सगळ्या फाइली सारख्याच अंतराने चुकतात. गट पाडलेला असेल तर एका आकड्याने सगळा गट दुरुस्त होतो. गट न पाडता सगळं एकत्र केलंत, तर चुकीच्या आणि बरोबर तारखा अशा मिसळतात की नंतर वेगळ्या काढता येत नाहीत.

आयफोन स्वतःचं नाव सांगतो. त्याच्या व्हिडिओत `Make` आणि `Model` असतं. व्हॉइस मेमो असेल तर `Encoder`मध्ये `com.apple.VoiceMemos` आणि पुढे आयओएसची आवृत्ती दिसते. अँड्रॉइड फोन इतके बोलके नसतात. अनेकदा नुसतं `AndroidVersion` मिळतं. तेही उपयोगाचं आहे, कारण अँड्रॉइड ९ ऑगस्ट २०१८ मध्ये आलं. तो आकडा ९ असेल तर रेकॉर्डिंग त्याआधीचं असू शकत नाही. हातात धरायचे बरेच रेकॉर्डर वेव्ह फाइलमध्ये `bext` नावाचा एक भाग लिहितात. त्यातल्या `Originator`मध्ये यंत्राचं नाव असतं.

काहीच नाव मिळालं नाही तर नावांची धाटणी, सॅम्पल रेट आणि मोनो-स्टिरिओ बघून गट पाडा. एका यंत्रावर या गोष्टी सहसा बदलत नाहीत.

सावधान: `Encoder` किंवा `Software`मध्ये `Lavf` असं दिसलं तर ती फाइल मूळ नाही. कुणीतरी ती रूपांतरित केली किंवा कापली आहे. पुढचा आकडा तरी टिपून ठेवा: `Lavf58` म्हणजे एफएफएमपेगची ४.x मालिका आणि तिची पहिली आवृत्ती एप्रिल २०१८ ची. यातून रूपांतर कधीनंतर झालं ते कळतं, रेकॉर्डिंग कधी झालं ते नाही.

## ४. तारीख नेमकी काय सांगते ते वाचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश जाऊ.

देश कोणता? एमपीफोर आणि एमफोरए फाइलच्या आत `CreateDate` असतं. नियमाप्रमाणे ती वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत लिहायची असते. फोन हा नियम पाळतात. भारतीय वेळ काढायला त्यात ५ तास ३० मिनिटं मिळवायची. दुपारच्या कीर्तनाला याने फक्त तास बदलतो, पण काकड्याला दिवसच बदलतो. पहाटे साडेपाचच्या आधी सुरू झालेलं काहीही यूटीसीत आदल्या दिवशी पडतं. एकादशीचा काकडा दशमीला जाऊन बसतो आणि यादी वरवर इतकी नीटनेटकी दिसते की कुणाला शंकाही येत नाही. पूर्ण कार्तिकभर एक दिवस मागे सरकलेले संग्रह याच कारणाने तयार होतात.

कॅमेरे मात्र बऱ्याचदा याच जागी स्थानिक वेळ लिहून टाकतात. `MediaInfo` त्या वेळेलाही बिनदिक्कत `UTC` चिकटवतं, म्हणून त्या शब्दावर विसंबू नका. ओळखायचं ते मजकुरावरून. कॅमेऱ्याच्या फाइलीत ०५:१४ दिसतंय आणि साडेपाच तास मिळवल्यावर १०:४४ येतंय. सकाळी पावणेअकराला काकडा कुणी करत नाही. म्हणजे तिथे लिहिलेली वेळ आधीच भारतीय आहे.

वेव्ह फाइलच्या `bext`मधली वेळ यंत्राच्या घड्याळाची, म्हणजे स्थानिक असते. तिच्यात काही मिळवायचं नाही. आयफोनच्या व्हिडिओत दोन तारखा असतात: `QuickTime:CreateDate` यूटीसीत आणि `Keys:CreationDate` पुढे `+05:30` लावून. दुसरी घ्या. परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या मूळ फाइलींत तिथल्या वेळेचा फरकही याच ठिकाणी मिळतो.

सावधान: विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसणारं "मीडिया क्रिएटेड" स्थानिक वेळेत बदलूनच दाखवलेलं असतं. त्यात पुन्हा साडेपाच तास मिळवलेत तर उलट दिशेने घसराल.

सुरुवात की शेवट? अँड्रॉइडचा नेहमीचा रेकॉर्डर ही तारीख फाइल बंद करताना लिहितो, म्हणजे ती शेवटची वेळ असते. फाइलच्या नावातली वेळ सुरुवातीची असते. मेमरी कार्डावरची "मॉडिफाइड"सुद्धा शेवटचीच. `bext`मधली सहसा सुरुवातीची. तासभराच्या कीर्तनात हा फरक तासाचाच होतो.

आता हे सगळं एका फाइलीवर लावून बघू. `VID_20191108_051204.mp4` हे नाव. यादीत `CreateDate` आहे `2019:11:07 23:53:24` आणि लांबी ११ मिनिटं २० सेकंद. तारखेत साडेपाच तास मिळवले की ८ नोव्हेंबर, पहाटे ०५:२३:२४. त्यातून लांबी वजा केली की ०५:१२:०४. नावात हेच आहे. म्हणजे या फोनसाठी दोन गोष्टी सिद्ध झाल्या: आतली वेळ यूटीसीत आहे आणि ती शेवटची आहे. त्याच फोनच्या आणखी दोन फाइलींवर हाच हिशेब जुळला की पूर्ण गटाला तो लावायला हरकत नाही. स्प्रेडशीटच्या तक्त्यात सूत्र असं (तारीख B2 मध्ये आणि सेकंदांतली लांबी C2 मध्ये धरून):

```
=DATEVALUE(SUBSTITUTE(LEFT(B2,10),":","-"))+TIMEVALUE(MID(B2,12,8))+TIME(5,30,0)-C2/86400
```

रकान्याला तारीख-वेळेचं स्वरूप द्यायला विसरू नका, नाहीतर ४३ हजारांच्या घरातला एक आकडा दिसेल.

विचित्र वर्ष दिसलं तर? `0000:00:00` किंवा १९०४ म्हणजे तारीख रिकामी आहे. या फाइलप्रकारात वेळ १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत मोजतात. शून्य सेकंद म्हणजे १९०४. आणि १९४६ वगैरे दिसलं तर घाबरू नका. काही जुने फोन चुकून १९७० पासून सेकंद मोजत, वाचणारं साधन १९०४ पासून मोजतं आणि मधली ६६ वर्षं गायब होतात. १९४६ मध्ये ६६ मिळवा, २०१२ येतं. `ExifTool` ही दुरुस्ती स्वतःच करतं आणि तसा इशारा देतं. `MediaInfo` वापरत असाल तर ती तुम्हाला करावी लागेल.

## ५. घड्याळ तपासा आणि एक खुंटी ठोका

फोनचं घड्याळ मोबाइल नेटवर्कवरून लागतं, त्यामुळे त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. रेकॉर्डरचं घड्याळ कुणीतरी हाताने लावलेलं असतं आणि सेल काढून ठेवले की अनेकदा ते कारखान्यातल्या तारखेला परत जातं. कुठल्याशा वर्षाच्या १-२ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतरच्या फाइली दिसल्या की समजा सेल बदलले होते.

हे पकडायला रेकॉर्डरचा गट फाइल क्रमांकाने लावा आणि शेजारी तारखा ठेवा. क्रमांक वाढतोय आणि तारीखही वाढतेय, तोवर घड्याळ सलग चाललं. `REC0013` ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि `REC0014` जानेवारी २०१० मध्ये, तर त्या दोहोंच्या मध्ये घड्याळ शून्यावर गेलं. तिथे रेघ मारा. प्रत्येक रेघेनंतरचा तुकडा हा वेगळा गट. कार्ड फॉरमॅट केल्यावर क्रमांक पुन्हा ०००१ पासून सुरू होऊ शकतात हेही ध्यानात असू द्या.

आता या तुकड्याला खरी तारीख द्यायची तर एक खुंटी हवी: असा एक क्षण, ज्याची खरी वेळ दुसरीकडून ठाऊक आहे. सगळ्यात उत्तम खुंटी म्हणजे तोच प्रसंग फोनवरही टिपलेला असणं.

`REC0014.WAV`मध्ये `bext` सांगतं: ३ जानेवारी २०१०, ०१:१२:४०. ऐकल्यावर काकडा आहे हे कळतं. वरचा फोनचा व्हिडिओही काकड्याचा आहे. दोन्हीकडे एका अभंगाआधी कुणाच्या तरी हातून टाळ फरशीवर पडतो आणि कुणीतरी ओरडतं. असा एकदाच होणारा आवाज शोधा. अभंगाच्या ओळीवर वेळ जुळवू नका, तोच अभंग दुसऱ्या दिवशीही म्हटला जातो.

व्हिडिओत तो आवाज २ मिनिटं १० सेकंदांवर आहे. सुरुवात ०५:१२:०४, म्हणून खरी वेळ ८ नोव्हेंबर २०१९, ०५:१४:१४. रेकॉर्डरच्या फाइलीत तोच आवाज ९ मिनिटं ४८ सेकंदांवर आहे. म्हणजे रेकॉर्डरच्या घड्याळात तेव्हा ३ जानेवारी २०१०, ०१:२२:२८ वाजले होते. दोहोंतला फरक ३५९६ दिवस, ३ तास, ५१ मिनिटं, ४६ सेकंद. या तुकड्यातल्या प्रत्येक फाइलीत एवढं मिळवायचं, तक्त्यात `+3596+TIME(3,51,46)`. पुढची `REC0015`, ४ जानेवारी २०१० च्या ०१:०५:१० ची, ९ नोव्हेंबर २०१९ च्या ०४:५६:५६ ला येते. पहाटे पाचच्या सुमारास, जिथे काकडा असायला हवा तिथेच.

एका खुंटीवर थांबू नका. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक शोधा. याच तुकड्यातली ७ जानेवारी २०१० ची फाइल हिशेबाने १२ नोव्हेंबर २०१९ ला येते. त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. बऱ्याच गावांत काकडा कोजागरीला बसतो आणि त्रिपुरी पौर्णिमेला उठतो. फाइलीत समाप्तीचा काला आणि महाप्रसादाची घोषणा ऐकू आली तर हिशेब पक्का. साधाच काकडा असेल आणि समाप्ती आदल्या किंवा पुढच्या फाइलीत सापडली, तर मधे पुन्हा घड्याळ बदललं आहे किंवा खुंटीच चुकली आहे.

फोनची जोडफाइल नसेल तर बोलण्यात खुंटी शोधा. माइकवरच्या सूचना, देणगीदारांची यादी वाचताना सांगितलेली तिथी, सुरू व्हायच्या आधीच्या गप्पा. पाचशे-हजारच्या नोटांचं काय करायचं यावर पहाटे देवळात गलका चालला असेल तर तो ९ नोव्हेंबर २०१६ किंवा त्यानंतरचा, कारण घोषणा आदल्या रात्री झाली होती. अशा खुंटीतून दिवस मिळेलच असं नाही, पण वर्ष मिळतं. तिथीवरून तारीख काढताना पंचांग त्याच वर्षाचं घ्या आणि त्या वर्षी एकादशी स्मार्त-भागवत अशी दोन दिवस होती का ते बघा. वारकरी भागवत एकादशी धरतात.

तपासा: गट नव्या तारखेने लावा. एका यंत्राच्या दोन फाइली एकमेकींवर चढतात का, म्हणजे पहिली संपायच्या आत दुसरी सुरू होते का? एका यंत्राला एका वेळी दोन रेकॉर्डिंगं करता येत नाहीत. असं दिसलं तर सुरुवात-शेवट उलटा धरला गेला आहे किंवा दोन यंत्रं एका गटात मिसळली आहेत.

## ६. ज्यांच्या पोटात काहीच नाही

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलींतून मूळ यंत्राची माहिती गेलेली असते. `PTT-20191109-WA0007.opus`मधली तारीख ती फाइल त्या फोनवर आली किंवा तिथून गेली त्या दिवसाची आहे. रेकॉर्डिंग त्या दिवशीचं किंवा आधीचं, एवढंच म्हणता येतं. दोन वर्षांपूर्वीचं कीर्तन कुणी काल पुढे ढकललं असेल तर नावात कालची तारीख येईल. अशा फाइलीचं मूळ आपल्याच संग्रहात आहे का ते लांबी जुळवून आधी बघा. बरेचदा असतं.

`.amr` फाइलीत सुरुवातीच्या खुणेपलीकडे तारीख ठेवायला जागाच नसते. "मॉडिफाइड" आणि कान एवढाच आधार. एमपीथ्रीत अनेकदा एन्कोडरचं नाव सापडतं. `LAME3.100` असेल तर एमपीथ्री ऑक्टोबर २०१७ नंतर बनलेली आहे. पण कॅसेटवरून उतरवलेलं १९८८ चं कीर्तनही २०२० मध्ये एमपीथ्री होऊ शकतं, म्हणून ही तारीख रूपांतराच्या रकान्यात लिहा.

"क्रिएटेड" आणि "मॉडिफाइड" यांत "मॉडिफाइड" जुनी दिसली तर गोंधळू नका. कॉपी केल्यावर तसंच होतं आणि त्या दोहोंत जुनी तीच कामाची. मात्र एकाच मिनिटात पन्नास फाइलींची "मॉडिफाइड" तारीख आली असेल तर ती कुठल्यातरी डाउनलोडची आहे. ती सोडून द्या.

## ७. मग नावं

आता नाव बदला, तेही प्रतीतच. वर्ष-महिना-दिवस, मग वेळ, मग उपकरण, शेवटी मूळ नाव: `2019-11-08_0504_recorder1_REC0014.wav`. मूळ नाव काढून टाकू नका. उद्या कुणी हिशेब तपासायचं म्हटलं तर तिथूनच सुरुवात करावी लागेल. दुरुस्त तारीख फाइलच्या आत लिहू नका. `bext`मधली ३ जानेवारी २०१० चुकीची असली तरी तो पुरावा आहे.

यादीत दोन रकाने वाढवा. एकात तारीख कशावरून: "फोनची आतली वेळ", "खुंटी, टाळ पडल्याचा आवाज", "फक्त व्हॉट्सअ‍ॅपचं नाव". दुसऱ्यात खात्री: वेळेपर्यंत, दिवसापर्यंत, वर्षापर्यंत, किंवा "या तारखेआधी". ज्या फाइलीचं फक्त वर्ष कळलं तिला `2016-11-00` असं ओढूनताणून नाव देऊ नका, `2016_` एवढंच द्या. आणि ज्यांचं काहीच कळलं नाही त्या `tarikh-nahi` फोल्डरमध्ये उपकरणवार ठेवा. त्या गटातल्या एखाद्या फाइलीला पुढेमागे खुंटी सापडली की घड्याळाच्या तारखा असलेल्या बाकीच्या फाइली एकदम सुटतात.

हे सगळं झाल्यावर मंडळातल्या एखाद्या जुन्या विणेकऱ्याला प्रत्येक वर्षाच्या एक-दोन फाइली ऐकवा. तारीख सांगू नका, विचारा. आवाजावरून "हे अमुक बुवा असतानाचं" असं ते सांगतील आणि बुवा गेलेल्या वर्षानंतरची तारीख तुमच्या यादीत असेल, तर त्या गटाचा पाचवा टप्पा पुन्हा करायचा.